धारेची वेळ

मूळ मेसेज 25 शब्दांचा होता. तो असा:

"प्रिय आई, म्हैस विकलीस ते बरं केलंस. आमच्यासाठी तू आजवर खूप कष्ट केलेस, त्याबद्दल तुझे आभार. आता आराम कर. तब्येतीची काळजी घे. गोळ्या वेळेवर घे."

माझ्या रूम पार्टनरनं तो मला दाखवला आणि म्हणाला, "शुद्धलेखन तेवढं बघ की." मी मुद्रितं तपासण्याचं काम करतो. दिवाळी अंक, गौरवग्रंथ, लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, जे येईल ते. त्यामुळे खोलीतल्या कुणालाही रजेचा अर्ज लिहायचा असला तरी तो माझ्या डोळ्यांखालून जातो. हा मेसेजही त्याच वाटेनं आला. शुद्धलेखन ठीक होतं. वाक्यं नीट होती. मी "बरोबर आहे" म्हणालो असतो तर त्यानं तो पाठवून दिला असता आणि झोपला असता, कारण त्या आठवड्यात त्याची नाईट होती आणि दुपारचे तीन वाजले होते.

पण पहिल्याच दोन शब्दांवर मी अडखळलो. हा पोरगा आईला आई म्हणत नाही. तिला तो "वहिनी" म्हणतो.

विट्याकडचं त्याचं घर मोठं. तो जन्मला तेव्हा घरात तीन चुलते बिनलग्नाचे होते आणि तिघंही दिवसभर "वहिनी, चहा", "वहिनी, वैरण टाकलीस काय" करायचे. पोरानं कानावर पडलं तेच उचललं. आपल्याकडे एकत्र घरांत हे पूर्वी सर्रास व्हायचं. कुणाची आई वहिनी, कुणाची अक्का, कुणाची काकू. धाकटी बहीण मोठी होईपर्यंत चुलते वेगळे निघाले होते, म्हणून ती "मम्मी" म्हणते. एकाच बाईला दोन पोरांकडून दोन हाका. त्यातली "आई" एकही नाही. मग मेसेजमध्ये "प्रिय आई" कुठून आली?

मी विचारलं. तो म्हणाला, "लिहिताना वहिनी कसं लिहायचं?"

या एका वाक्यात बरंच काही होतं. त्याच्या मते लिहायची भाषा वेगळी असते आणि तिच्यात आई ही "प्रिय" असते. ती भाषा मला चांगली ओळखीची आहे, कारण माझं पोट तिच्यावर चालतं. "आजवर खूप कष्ट केलेस", "त्याबद्दल तुझे आभार" हे सगळं निरोप समारंभातलं आहे. शाल, श्रीफळ, मग कुणीतरी माईकवर येऊन आभार मानतं. मराठीत "आभार" हा शब्द बाहेरच्या माणसासाठी आहे. मंडपवाल्याचे मानतात, प्रमुख पाहुण्यांचे मानतात. घरात कुणी कुणाचे आभार मानले की समोरचा दचकतो, आपल्याला परकं केलं असं त्याला वाटतं.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. "खूप कष्ट केलेस." हा काळ संपलेला आहे. हिशोब झाला, वही मिटली. गौरवग्रंथांत शेकडो वेळा वाचलेलं वाक्य आहे हे, आणि श्रद्धांजलीच्या पानावरही तेच असतं. शेवटची तीन वाक्यं तर नुसत्या आज्ञा आहेत. आराम कर, काळजी घे, गोळ्या घे. पाचपैकी तीन वाक्यांत मुलगा आईला काम सांगतोय, आणि सांगतोय अशा बाईला जिचं रोजचं काम कालच सुटलंय.

हे त्याला सांगून उपयोग नव्हता. तो इंजिन पार्ट्सच्या मशिनवर काम करतो. क्रियापदाचा काळ वगैरे ऐकून तो "बरं, मग काय लिहू?" एवढंच म्हणाला असता, आणि त्या क्षणी मी काही सुचवलं असतं तर तो मेसेज माझा झाला असता. म्हणून मी त्याला जुने मेसेज दाखवायला सांगितलं.

वहिनीसोबतच्या चॅटमध्ये आम्ही दोन वर्षं मागे गेलो. फार वेळ लागला नाही. "पोचलो." "पैसे आले का." "हो." "पाऊस हाय का." "पगार झाला टाकतो." सगळ्यात लांब मेसेज सात शब्दांचा होता, त्यात गॅस सिलेंडरचा नंबर लावायला सांगितलं होतं. तिच्याकडून "जेवलास का" तर रोजच होतं, कधी कधी दिवसातून दोनदा. त्यावर याचं उत्तर "हो". प्रिय नाही, आभार नाहीत, बदाम नाही, हात जोडलेली चिन्हंही नाहीत.

हे वाचण्यामागं कारण होतं. कमी बोलणाऱ्या मुलाचा मेसेज किती वर चढू शकतो, याचं माप त्याच्या रोजच्या मेसेजवरून कळतं. खोलीतला तिसरा पार्टनर पलीकडे पडून ऐकत होता, तो म्हणाला, "लव्ह यू मम्मी लिही, विषय संपला." त्याच्या घरी ते चालतं. तो फोन ठेवताना रोज म्हणतो, त्याची आईही म्हणते, आणि ते खोटं मुळीच नसतं. पण जिला दोन वर्षांत "पोचलो"पलीकडं काही आलं नाही, तिला पहाटे असं काही आलं तर ती घाबरेल. पोरगं पिऊन आलंय का, नोकरी गेली का, जिवाचं काही करून घेणार नाही ना, असे विचार येतील आणि दोन मिनिटांत चुलत्याचा फोन येईल. भावना खरी असली तरी तिचा आवाज ओळखीचा नसेल तर आईपर्यंत आधी धोका पोचतो. म्हणून या मुलानं रोजच्यापेक्षा एकच पायरी वर चढायचं होतं, दोन नाही.

आता ती पायरी कसली, हे शोधायचं होतं. मी त्याला म्हशीबद्दल विचारलं.

म्हैस बुधवारी विकली. वहिनीचे गुडघे गेलेत. उकिडवं बसून धार काढणं होत नव्हतं, स्टूल घेऊन बघितलं तर म्हैस बुजली. व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि घेऊन गेला. दावं तेवढं घरी राहिलं, कारण त्यांच्याकडं जनावर विकताना दावं देत नाहीत. रात्री यानं फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं, गेली एकदाची." मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "दावं हाय तसंच हाय खुंट्याला." मग, "जेवलास का?" आणि फोन ठेवला.

"गेली एकदाची" याचा अर्थ तिच्या घरात काय होतो हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याला मेसेज लिहावासा वाटला. तीस वर्षं त्या बाईनं पहाटे साडेचारला आणि संध्याकाळी साडेपाचला धार काढली. साडेसहाच्या आत दूध डेअरीत, फॅटची चिठ्ठी पदराच्या गाठीला, दर दहा दिवसांनी बिल. त्या बिलातून पेंडीचे पैसे कापून जे उरेल त्यावर दोघांच्या वह्या-पुस्तकं आणि याचा डिप्लोमा झाला. याला हे सगळं लिहायचं होतं आणि सगळं एका वाक्यात बसवायचं होतं. ते बसलं ते "खूप कष्ट" या दोन शब्दांत. म्हणजे बसलंच नाही.

मला वाटलं, दाव्याचं काहीतरी लिहावं. ऐकताना तेच सगळ्यात जास्त लागलं होतं. पण दावं तिनंच त्याला सांगितलं होतं. तिचंच दुखणं दुसऱ्या दिवशी तिलाच लिहून पाठवायचं, हे जखमेवरची पट्टी उचलून बघण्यासारखं झालं असतं. मेसेजमध्ये हवी होती अशी गोष्ट जी तिनं त्याला कधी सांगितली नाही, आणि जी त्यानं पाहिली होती हे तिला माहीत नाही. म्हणून मी विचारलं, "म्हशीमुळं तुझं काही राहिलं का?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मिरजेला."

सोळा वर्षांचा असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, मिरजेच्या एका दवाखान्यात. वडील ट्रकवर, तेव्हा गुजरातेत. रात्री धाकटे चुलते थांबायचे. वहिनी पहाटेची धार काढून, दूध घालून, साडेसातची एसटी धरून दहाला यायची, आणि दुपारी तीनच्या गाडीनं परत जायची. चार दिवस असंच. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई खाटेखाली सतरंजी टाकून झोपायची. याची आई तीन वाजले की पिशवी उचलायची.

"तवा लई राग आलेला," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी ती निघाली तर मी भिंतीकडं तोंड करून पडलो. म्हशीसाठी जाती म्हणून."

म्हैस कुणाच्याही हाताला दूध देत नाही. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज, ठरलेली वेळ यावर तिचा पान्हा असतो. परका माणूस बसला की ती पान्हा चोरते, लाथ मारते. दूध कासेत तसंच राहिलं तर कास दगडासारखी होते, खेड्यात त्याला दगडीच म्हणतात, आणि मग जनावर हातचं जातं. जाऊबाईंना धार येत होती, पण ती म्हैस त्यांना जवळ येऊ द्यायची नाही. वहिनीकडं मिरजेला राहायचा पर्यायच नव्हता. पण सोळा वर्षांच्या पोराला खाटेवरून एवढंच दिसत होतं की शेजारची आई राहिली आणि आपली गेली.

"तिला ते माहीत असेल का, तुला राग आला होता हे?" मी विचारलं.

"माहीत हाय की. अजून कुणी दवाखान्याचा विषय काढला की म्हणती, पोरगं खाटंवर आन् मी शेणात. गेल्या दिवाळीत पण म्हणाली."

म्हणजे तेरा वर्षं ती बाई हे बाळगून होती. त्यालाही ते ठाऊक होतं. दर वेळी तो ऐकायचा आणि बाहेर जायचा, कारण त्यावर काय बोलायचं असतं हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता ज्या म्हशीच्या घराण्यामुळं ती राहू शकली नव्हती (तेव्हाची म्हैस ही आत्ताच्या म्हशीची आजी), तिची शेवटची म्हैस टेम्पोत बसून गेली होती. मेसेज लिहायचा तर याबद्दलच लिहायला हवा होता.

त्यानं लगेच लिहिलं. आधी स्वतःच्याच नंबरवर, म्हणजे चुकून जायची भीती नाही:

"वहिनी, मिरजेला दवाखान्यात तू राहिली नाहीस, पण त्याबद्दल माझ्या मनात काही नाही."

तिसरा पार्टनर उठून बसला आणि म्हणाला, "अरे, हे तर भांडण वाटतंय."

तसं ते वाटतच होतं. "तू राहिली नाहीस" म्हटलं की न राहणं हे तिनं केलेलं काम होतं. कर्ता तू. आणि "मनात काही नाही" म्हणजे काहीतरी होतं, आता माफ केलं. माफी द्यायला ती गुन्हेगार नव्हती. इथं मात्र मराठीनंच सोय करून ठेवली आहे. "तू राहिली नाहीस" आणि "तुला राहता आलं नाही" या दोन वाक्यांत माणूस तोच, दवाखाना तोच, रात्रही तीच. पण दुसऱ्या वाक्यात ती कर्ता राहत नाही, अडलेली होते. "तू" चं "तुला" झालं की दोष निघून जातो. आपण हे बोलताना न शिकवता करतो. पाहुण्याला "तुम्ही आला नाहीत" म्हणायचं की "तुम्हाला यायला जमलं नाही" म्हणायचं, हे कुठल्याही म्हातारीला कळतं. लिहायला बसलं की तेवढं विसरायला होतं.

मग "आलं नाही" चंही "यायचं नाही" केलं. कारण हे एकदाच घडलेलं नव्हतं. मिरजेचे चार दिवस होते, पण माहेरची लग्नंही होती, जिथून ती अक्षता पडल्या की निघायची. बहिणीचं बाळंतपण होतं. पंढरपूर होतं, तिथंही पहाटे जाऊन संध्याकाळी परत. तीस वर्षांत घराबाहेर तिची एकही रात्र नव्हती. "तुला राहता यायचं नाही." या एका वाक्यात ती सगळी लग्नं आपोआप आली, त्यांची यादी द्यावी लागली नाही. त्यानं यादी लिहिली होती. आम्ही ती काढली. मिरज एकटी ठेवली, कारण बाकी ठिकाणी ती नसल्याचं दुःख तिचं होतं, मिरजेचं दोघांचं होतं.

एक वाक्य त्यानं स्वतःहून घातलं आणि त्यावर मला हात लावू दिला नाही: "तेव्हा मला कळत नव्हतं." मी म्हणालो, "आता कळतंय, हे पण लिही." तो म्हणाला, "ते तिला समजतंय की." तेच बरोबर होतं. न लिहिलेलं अर्धं वाक्य तिनं स्वतः पुरं करायचं होतं.

आता "आराम कर" चं काय करायचं? त्याला म्हणायचं होतं की आता तू मोकळी आहेस. पण ज्या बाईला पहाटे साडेचारला जाग येणारच आहे आणि उठून जायला गोठा नाही, तिला आराम कर म्हणणं म्हणजे रिकाम्या दावणीकडं बोट दाखवणं. मी विचारलं, "तिला खरंच काय करता येईल आता, जे आधी येत नव्हतं?" त्यानं थोडा विचार केला. "राहता येईल." आणि त्यालाच ते ऐकून हसू आलं. पाच वर्षं तो इथं राहतो, वहिनीनं ही खोली बघितलेली नव्हती.

म्हणून आज्ञेच्या जागी आमंत्रण आलं. आमंत्रण नुसतं असून चालत नाही. "कधीतरी ये" हे आमंत्रण नसतं, फोन ठेवायची ती एक पद्धत असते. किती दिवस, कोणत्या वारी, कुणाबरोबर, हे सांगितलं की ते खरं होतं. चार दिवस, रविवारी, न्यायला मी येतो. नाईट संपवून रविवारी सकाळी विट्याला जायचं म्हणजे त्याची झोप जाणार होती. ते त्यानं लिहिलं नाही, पण तिला शिफ्टचं गणित पाठ आहे.

शेवट कसा करायचा यावर वेळ गेला. "काळजी घे" सुटत नव्हतं. सवयीचं होतं, आणि बोट आपोआप तिथं जात होतं. मेसेज आता त्याच्या मानानं बराच जड झाला होता आणि तसाच सोडला असता तर दोघांनाही अवघड गेलं असतं. पुढचा फोन करायला त्याला लाज वाटली असती. कमी बोलणाऱ्या माणसाला मनातलं बोलून झाल्यावर परत रोजच्या जमिनीवर उतरायला एक दगड लागतो. मी विचारलं, "ती इथं आली तर पहिली तक्रार कशाची करेल?" तो पटकन म्हणाला, "दुधाची. पिशवीचं दूध तिला चालायचं न्हाई."

तोच शेवट झाला.

मग दोन गोष्टी तपासल्या. वहिनी सातवी शिकलेली, फोनवर अक्षर मोठं करून, ओठ हलवत वाचते. हा नेहमी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, ते तिला पुतण्याकडून वाचून घ्यावं लागायचं. म्हणून हा देवनागरीत, छोट्या वाक्यांत, मध्ये मोकळ्या ओळी सोडून. दुसरं, तरीही तो पुतण्या हा मेसेज मोठ्यानं वाचणार हे धरून चालायचं होतं. दहा वर्षांच्या पोरानं स्वयंपाकघरात, चार माणसांसमोर वाचला तर वहिनीला मान खाली घालावी लागेल असं त्यात काही आहे का? तिसऱ्या पार्टनरला मोठ्यानं वाचायला लावलं. त्यानं वाचला, फोन परत दिला आणि आंघोळीला गेला. काहीच बोलला नाही. आम्ही ते चालेल असं समजलो.

व्हॉइस मेसेज पाठवावा असंही एकदा निघालं होतं. पण वहिनी फोन स्पीकरवर ठेवते, आणि याचा आवाज कुठं अडकेल याची त्याला खात्री नव्हती. शिवाय आवाज पुन्हा ऐकायचा तर घरादाराला ऐकू जातो. अक्षर रात्री एकटीला, गुपचूप, पुन्हा वाचता येतं.

पूर्ण झालेला मेसेज 49 शब्दांचा होता, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. छोटा करणं म्हणजे शब्द कमी करणं असं माझ्या कामात धरून चालतात. इथं तसं झालं नाही.

"वहिनी, उठली असशील. मी पण जागाच आहे, नाईट आहे.

मिरजेला दवाखान्यात तू रोज यायचीस आणि तीनच्या गाडीनं परत जायचीस. म्हैस दुसऱ्या कुणाला धार काढू देत नव्हती. तुला राहता यायचं नाही. तेव्हा मला कळत नव्हतं.

आता चार दिवस माझ्याकडं राहायला ये. रविवारी न्यायला येतो.

इथं दूध पिशवीचं आहे. चालवून घे."

पहिली ओळ वेळेमुळं आली. पाठवायचा कधी, हे तोवर त्याचं त्यानंच ठरवलं होतं. दिवसा पाठवला तर घरात माणसं असतात. रात्री पाठवला तर ती झोपायची नाही. साडेचारला मात्र ती जागी असणार, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वेळी तिच्या हाताला काही काम नसणार. त्याच्या कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पण पहाटे सव्वाचारला चहाची सुट्टी असते. तो लॉकरपाशी गेला, स्वतःला पाठवलेला मेसेज उचलला आणि तिला पाठवला.

जुन्या पत्रांची मला इथं आठवण येते. माझे पणजोबा मुंबईच्या गिरणीत होते. त्यांनी आपल्या आईला लिहिलेली काही पोस्टकार्डं आमच्या घरी आहेत. सगळी सारखीच सुरू होतात. तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आणि सगळी सारखीच संपतात, इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवावे. मधल्या चार ओळींत भात किती झालं, पैसे पोचले का, कौलं शाकारली का. ती वाचून मला ती कधी कोरडी वाटली नाहीत. डोकं पायावर ठेवायचं काम मायन्यानं आधीच करून टाकलेलं असायचं, मग माणूस निवांत कौलांबद्दल बोलायचा. आपल्या हातातून तो मायना गेला, कौलं तेवढी उरली. "पोचलो", "हो", "टाकतो". आणि कधी मनातलं लिहायची वेळ आलीच तर माईकवरची भाषा तेवढी आठवते. माझ्या पार्टनरच्या मेसेजमधला नमस्कार कुठं आहे असं कुणी विचारलं, तर मी "तुला राहता यायचं नाही" कडं बोट दाखवीन.

4 वाजून 41 मिनिटांनी उत्तर आलं. "बर." अनुस्वाराशिवाय.

सकाळी साडेसातला तो खोलीवर आला तेव्हा त्यानं ते मला दाखवलं. त्याचा चेहरा बघून मला कळेना की त्याला बरं वाटलंय की नाही. मी सांगितलं की दोन्ही निळ्या खुणा 4 वाजून 32 मिनिटांच्या आहेत, म्हणजे मधली नऊ मिनिटं ती हे वाचत होती. तो म्हणाला, "चष्मा सापडला नसेल." आणि झोपला.

दुपारी तो उठला तर आणखी दोन मेसेज होते. पहिला, "पिशवी कितीला मिळती." दूध विकून घर चालवलेल्या बाईला, तेच दूध शहरात कितीला जातं हे बहुतेक पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं होतं. यानं भाव लिहिला. लगेच उत्तर आलं: "लुटत्यात."

रविवारी संध्याकाळी ती आली. एक पिशवी भाकरीची, एक चटणीची, आणि शेजारणीच्या म्हशीचं दोन लिटर दूध किटलीत, वर फडकं बांधून. मेसेजचा विषय तिनं काढला नाही, त्यानंही नाही. सोमवारी पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात दिवा लागला. मी पाणी प्यायला उठलो तर ती गॅसपाशी उभी राहून पिशवीचं दूध तापवत होती, चमच्यानं साय उचलून बघत होती. "पाणी घालत्यात," ती मला म्हणाली आणि तिनं माझ्यासाठीही कप घेतला.

चहा होईतो तिच्या फोनवर चुलत्यांचा फोन आला. त्यांना सवयीनं विचारायचं होतं की आज कितीच्या गाडीनं येतीस. ती खिडकीकडं तोंड करून, जरा मोठ्यानंच म्हणाली, "न्हाई, आज येत न्हाई. मुक्काम हाय माझा."